पाणी वाहतं, तरी डोळा कोरडा

मार्च लागला की माझ्या मावशीचा पदर सारखा डोळ्यांकडे जातो. तिचं गाव पारनेर तालुक्यात. पर्जन्यछायेतला हा पट्टा उन्हाळ्यात असा तापतो, की दुपारचा वारा ओल शोषून घेतो आणि माती अंगावर फेकतो. चाळीत कांदा निवडताना पाणी येणारच, पण रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिचे डोळे पाझरतात आणि आत वाळू गेल्यासारखं खुपतं. दोन उन्हाळे तिने मेडिकलमधून आणलेले लाली घालवणारे थेंब टाकले. शेवटी मी तिला नगरला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "मावशी, तुमचे डोळे कोरडे आहेत." तिचा विश्वासच बसेना. "अहो, पाणी थांबत नाही आणि कोरडे कसे?"

बुबुळावर अश्रूंचा एक पातळ पापुद्रा असतो. त्यात पाणी असतं, ते डोळ्याला धरून ठेवणारा चिकट द्रव असतो आणि सगळ्यात वर तेलाचा थर. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत अशा साधारण तीसेक ग्रंथी असतात, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. तेल कमी पडलं की पाणी झपाट्याने उडून जातं, बुबुळ उघडं पडतं, झोंबतं आणि मग मोठी अश्रुग्रंथी घाईघाईने पाण्याचा लोंढा सोडते. तेलावाचून ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळतं. मावशीचा पदर ओला होत होता तो यामुळे.

डॉक्टरांनी केशरी रंगाची पट्टी डोळ्याला लावून तिला पापणी न लववता पाहायला सांगितलं. पापुद्रा चौथ्या सेकंदाला फाटला. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर मानतात. मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवली. ती १४ मिलिमीटर भिजली, म्हणजे पाणी पुरेसं होतं. पट्टी पाच मिलिमीटरहून कमी भिजली असती, तर पाणीच कमी तयार होतंय असं समजून तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का, हे विचारावं लागलं असतं. शेवटी त्यांनी पापणीची कड हलकेच दाबली. निरोगी ग्रंथीतून खाद्यतेलासारखा स्वच्छ थेंब येतो. मावशीच्या पापणीतून टूथपेस्टसारखा पांढरा, घट्ट दोरा आला. तो दोरा पाहिला आणि मला सारं उमगलं.

थेंबांची निवड यावरूनच ठरते. पाणी कमी असेल तर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेटचे थेंब ओलावा देतात. तेल कमी असेल तर स्निग्धांश असलेले थेंब जास्त उपयोगी. दाट जेल रात्रीसाठी बरं, कारण त्याने थोडा वेळ धूसर दिसतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर बाटलीत टिकवण्याचं रसायन नसलेलेच घ्यावेत. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे रसायन वारंवार गेलं तर ते बुबुळालाच त्रास देतं. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसून डोळा पांढरा दाखवतात, कोरडेपणा बरा करत नाहीत. स्टिरॉइडचे थेंब तर डॉक्टरांना न विचारता कधीच टाकू नयेत. त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो.

पण थेंबांनी घट्ट झालेलं तेल सुटत नाही. त्यासाठी शेक लागतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ कापड पिळून मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवायचं. कापड दोन मिनिटांत गार होतं, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. मग लगेच, तेल मऊ असतानाच, बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर हळुवार चोळायची. पहिल्या महिन्यात दिवसातून दोन वेळा.

दोन-तीन महिने हे मनापासून करूनही तेल घट्टच राहिलं, तर पापण्यांच्या ग्रंथींवरच्या उपचाराचा विचार होतो. एका यंत्रात पापणीला आतून ऊब आणि बाहेरून दाब देऊन साचलेलं तेल काढतात. दुसऱ्या उपचारात डोळ्यांखालच्या त्वचेवर प्रखर प्रकाशाचे झोत देतात, काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा. सावळ्या त्वचेत हा प्रकाश जास्त शोषला जातो, चट्टे पडू शकतात. म्हणून आपल्याकडे त्वचेचा रंग पाहिल्याशिवाय तो देऊ नये. आधी ग्रंथींचा फोटो काढून घ्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. ग्रंथी शिल्लक असतील तरच खर्चाला अर्थ आहे, कारण नष्ट झालेली ग्रंथी सहसा पुन्हा उगवत नाही. शिवाय गुण आला तरी तो काही महिन्यांत ओसरतो आणि शेक सोडता येत नाही.

मावशीच्या फोटोत बऱ्याच ग्रंथी शाबूत दिसल्या, म्हणून डॉक्टरांनी यंत्र लांबवलं. चुलीवर पाणी तापलं की ती आता पातेल्यात कापड टाकते. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी पापणी पुन्हा दाबली. दोन-चार ग्रंथींतून अजून पांढरंच आलं, पण बाकीच्यांतून पातळ तेल आलं आणि रंगीत पापुद्रा नवव्या सेकंदापर्यंत टिकला.