अर्धा फॉर्म कुठे गेला?

गेल्या महिन्यात आमच्या घरी धाकटीच्या प्रवेशाचा फॉर्म भरणे चालू होते. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. एका टॅबमध्ये फॉर्म, दुसऱ्यात अब्बांच्या गझला, आणि उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक शोधता शोधता आणखी दहा-बारा टॅब उघडलेले. गावाकडून मामूंचा फोन आला म्हणून अब्बांनी गझल थांबवली. मग जेवणे झाली. सव्वा-दीड तासाने धाकटीने फॉर्मचा टॅब उघडला, तर पान नव्याने चढू लागले आणि स्वतःबद्दल मोठ्या मेहनतीने लिहिलेली दोन परिच्छेदांची माहिती नाहीशी झाली. चौकटी कोऱ्या! अब्बांचा टॅब उघडला, तर तोही नव्याने चढला आणि गझल पहिल्यापासून सुरू करावी लागली. पोरीच्या डोळ्यांत पाणी, आणि अम्मींचा सगळा राग वायफायवर.

वायफायचा त्यात काही दोष नव्हता. उघडा टॅब आपण पाहत नसलो तरी संगणकाच्या रॅममध्ये जागा अडवून बसतो. ही जागा मोकळी करण्यासाठी ब्राउझर बराच वेळ न पाहिलेल्या टॅबमधला मजकूर रॅममधून काढून टाकतो. वर टॅबचे नाव तसेच दिसते, आत मात्र काही उरलेले नसते. आपण परत त्यावर गेलो की पान पुन्हा संकेतस्थळावरून मागवले जाते. बातमीचे पान असेल तर काही बिघडत नाही. पण फॉर्ममध्ये टाइप केलेले आणि अजून Save न केलेले शब्द संकेतस्थळाकडे पोहोचलेलेच नसतात, मग ते परत कुठून यायचे?

क्रोममध्ये ही सोय Memory Saver या नावाने २०२२ च्या अखेरीस आली. वाजत असलेल्या टॅबला ती सहसा हात लावत नाही. म्हणूनच गाणे चालू असेपर्यंत टॅब सुरक्षित राहतो. ते थांबवून तासभर दुसरीकडे गेलो की तो इतर टॅबांसारखाच झाला. अर्धवट भरलेला फॉर्मही शक्यतो सोडला जातो, पण प्रत्येक पानावरचे लिखाण ब्राउझरला ओळखता येईलच असे नाही. त्या भरवशावर राहू नये.

हेच कारण आहे हे कसे ओळखावे? टॅबवर जाताक्षणी पान नव्याने चढले आणि पत्त्याच्या पट्टीत Memory Saver चे चिन्ह दिसले, तर हेच. टॅबवरच्या छोट्या चित्राभोवती तुटक रेघांचे वर्तुळ दिसले तर तो टॅब आधीच रिकामा झालेला आहे. याउलट पान जसेच्या तसे असून Submit दाबल्यावर पुन्हा लॉगिन मागितले, तर संकेतस्थळाने ठरवलेली वेळ संपलेली असते. त्यावर पुढील उपाय चालत नाही.

उपाय करायला पत्त्याच्या पट्टीत हे लिहून एंटर दाबावे:

```
chrome://settings/performance
```

इथे Memory Saver दिसेल. ते सरळ बंद करता येते, पण आमच्यासारख्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर आम्ही तसे सुचवणार नाही. बारा टॅब उघडले की यंत्र रांगायला लागते. नव्या आवृत्तींत तीन पर्याय आहेत. Maximum निवडला तर टॅब लवकर रिकामे होतात, Moderate मध्ये उशिरा, आणि Balanced मधला. आमच्याकडे Maximum होते. कुणी केले ते कुणीच कबूल करत नाही. आम्ही ते Moderate केले.

खरी कामाची गोष्ट त्याच पानावर आहे: Always keep these sites active. तिथे Add दाबून फॉर्मच्या संकेतस्थळाचे नाव घातले की ते टॅब या सोयीतून वगळले जातात. संकेतस्थळ उघडे असेल तर ते यादीतूनच निवडता येते. आम्ही फॉर्मचे आणि गझलांचे, अशी दोनच नावे घातली. पंधरा नावे घातली तर सोय बंद केल्यासारखेच होईल. एखाद्या दिवसापुरतेच काम असेल तर टॅबवर उजवे बटण दाबून Pin निवडावे. पिन केलेला टॅबही सहसा रिकामा होत नाही.

एवढे करूनही रॅम अगदीच संपत आली तर ब्राउझर एखादा टॅब रिकामा करू शकतो, Memory Saver बंद असले तरी. म्हणून धाकटी आता मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करते आणि मग फॉर्ममध्ये चिकटवते. ते दोन परिच्छेद तिने त्याच रात्री आठवून पुन्हा लिहिले. पहिले जास्त चांगले होते, असे ती अजून म्हणते.