एका आवाजात अनेक पात्रं

ऑडिओबुकमध्ये निवेदन आणि सगळ्या पात्रांचे संवाद बहुतेक वेळा एकाच वाचकाच्या आवाजात असतात. कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला चटकन कळावं, एवढाच फरक आवाजात पुरतो. त्यासाठी वाचकाकडे मुख्यतः दोन साधनं असतात: आवाजाची पट्टी आणि बोलण्याची लय.

सुरुवात निवेदकाच्या आवाजापासून होते. हा आवाज वाचकाच्या नेहमीच्या, सहज पट्टीत ठेवतात, कारण तो तासन्‌तास टिकवायचा असतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये मोठा झालेला श्याम मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो. आई आणि लहानगा श्याम हे दोघंही त्याच्याच तोंडून ऐकू येतात. म्हणून त्यांचे आवाज मोठ्या श्यामच्या आवाजापासून फार लांब जाऊन चालत नाहीत.

अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम आईला लुगड्याचा ओचा पसरायला लावतो, तो प्रसंग घ्या. मुलाच्या वाक्यांसाठी पट्टी किंचित चढवली, शब्द एकमेकांना लागून घेतले आणि वाक्याचा शेवट थोडा वर सोडला, की हट्ट ऐकू येतो. आईसाठी पुरुष वाचकाने बारीक आवाज काढला, तर तिची नक्कल होते. पट्टी जवळजवळ तीच ठेवून आवाजाचा जोर कमी करावा, लय संथ करावी. मन स्वच्छ ठेवण्याबद्दल ती बोलते, त्याआधी छोटासा विराम द्यावा. ‘आई म्हणाली’ हे शब्द मात्र निवेदकाच्याच आवाजात परतले पाहिजेत. ते आईच्या सुरात गेले, तर संवाद कुठे सुरू झाला ते कळत नाही.

दोन्ही साधनांत लय जास्त भरवशाची. दमलेल्या गळ्याची पट्टी हळूहळू सरकते आणि पाचव्या प्रकरणातली आई पहिल्या प्रकरणातल्या आईसारखी वाटत नाही. यासाठी प्रत्येक पात्राची दोन-तीन वाक्यं वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी ती ऐकतात. पुस्तकही आधी पूर्ण वाचावं लागतं. एखादं पात्र घोगऱ्या आवाजाचं आहे हे लेखकाने विसाव्या पानावर सांगितलं असेल, तर ते पहिल्या पानापासून माहीत हवं.

राग आणि रडणं या जागी अतिअभिनय सर्वाधिक होतो. रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, इथे माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि ऐकणाऱ्याच्या कानात हेडफोन असतो. ओरडलं की आवाज फाटतो. राग दाखवायला आवाज खाली आणून व्यंजनं घट्ट उच्चारली तरी पुरतं. दुःखासाठी हुंदक्याऐवजी वाक्याच्या मध्ये घेतलेला श्वास पुरतो.

पारख सोपी आहे. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ गाळून संवाद दुसऱ्याला ऐकवावा. कोण बोलतंय हे त्याला ओळखता आलं नाही, तर फरक कमी पडला. ओळखता आलं, पण बोलणं काय होतं ते आठवलं नाही, तर फरक जास्त झाला.