शंभर वर्षांत रुपयाचे शंभर

एक रुपया चक्रवाढ व्याजाने ठेवला आणि शंभर वर्षांनी त्याचे बरोबर शंभर रुपये झाले, तर व्याजाचा दर किती असेल? बहुतेकांचा अंदाज चढा निघतो. उत्तर आहे दर साल दर शेकडा ४.७१. दहा वर्षांत दहा रुपये हवे असतील, तर मात्र दर २५.८९ लागतो, म्हणजे थेट सावकारी. उलट मुदत हजार वर्षांची केली आणि मागणीही हजार रुपयांची ठेवली, तर ०.६९ टक्क्यात काम भागते. मुदत आणि मागणी बरोबरीने वाढवत गेलो तर दर घसरत का जातो, आणि घसरून कुठे थांबतो?

प्रश्न व्याजाचा वाटला तरी तो वर्षानुवर्षे गणिताच्या वर्गात फळ्यावर मांडला जाणारा प्रश्न आहे. दर वर्षी रुपयाला h इतके व्याज मिळत असेल, तर रक्कम दर वर्षी (1+h) पट होते आणि n वर्षांनी ती (1+h)ⁿ होते. ती n इतकी व्हायला हवी असेल, तर 1+h म्हणजे n चे n-वे मूळ. दोनचे वर्गमूळ १.४१४, तीनचे घनमूळ १.४४२, चारचे चौथे मूळ पुन्हा १.४१४ आणि पाचचे पाचवे १.३८०. तीनला शिखर गाठून ही संख्या उतरायला लागते ती कायमची. n वाढत गेला की तिची सीमा १ येते, म्हणजेच दर शून्याकडे जातो.

का, असे विचारले की विद्यार्थी हमखास एक उत्तर देतात: n मोठा झाला की 1/n शून्य होतो आणि कशाचाही शून्यावा घात एकच असतो. उत्तर बरोबर, कारण साफ चूक. हेच कारण 2ⁿ ला लावून पाहा. त्याचे n-वे मूळही 1/n हाच घात घेऊन काढायचे, पण ते कायम २ येते, कारण पाया स्वतःच भरधाव वाढतो आहे. n! ची गोष्ट तर उलटीच आहे. १० च्या क्रमगुणिताचे दहावे मूळ ४.५३ येते, तर १०० च्या क्रमगुणिताचे शंभरावे मूळ ३७.९९, आणि पुढेही ते वाढतच जाते. घातांक शून्याकडे ओढतो, पाया वर ढकलतो. यात कोणाचे बळ जास्त, हे मोजल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

मोजायचे कसे? आधी सरळव्याजाने प्रयत्न करू. n वर्षांत व्याज nh मिळते, त्यामुळे चक्रवाढीची रक्कम निदान 1+nh तरी भरणारच. हीच बर्नुलीची असमानता. ती रक्कम n इतकी आहे, म्हणून h हा (n−1)/n पेक्षा जास्त असू शकत नाही. शंभर वर्षांसाठी याचा अर्थ इतकाच की दर ९९ टक्क्यांच्या वर नाही. n वाढवला की ही मर्यादा शंभर टक्क्यांकडे सरकते. हवे होते शून्य आणि हाती आले शंभर! असमानता खोटी नाही, पण या कामाला तोकडी आहे. पुष्कळ जण इथेच अडतात, आणि आपल्या बेरजा-वजाबाक्यांत चूक शोधत बसतात.

राहून गेले ते व्याजावरचे व्याज. एखाद्या वर्षी मिळालेल्या h या व्याजावर नंतरच्या प्रत्येक वर्षी h×h, म्हणजे h² इतके व्याज मिळते. आधीचे एक वर्ष आणि नंतरचे एक वर्ष अशा जितक्या जोड्या, तितके h². n वर्षांतून अशा n(n−1)/2 जोड्या निघतात. शंभर वर्षांतून ४९५०. द्विपद प्रमेयातले तिसरे पद म्हणतात ते हेच. त्यावरचे, म्हणजे व्याजावरच्या व्याजावरचे थर सगळे धनच असतात, ते तूर्त सोडून दिले तरी एकूण रक्कम या एका थराहून लहान असू शकत नाही. म्हणून

n ≥ n(n−1)/2 × h²

दोन्ही बाजूंचा एकेक n काढून टाका. उरते h² ≤ 2/(n−1). आता n वाढला की उजवी बाजू शून्याकडे जाते, आणि तिच्याखाली दबलेल्या h ला दुसरी वाटच नाही. सगळी गोम त्या कापलेल्या n मध्ये आहे. मागणी वाढते n च्या वेगाने, पण जोड्या वाढतात जवळजवळ n² च्या वेगाने. सरळव्याजात दोन्ही बाजूंना n चाच वेग होता, म्हणून तिथे काहीच हाती लागले नाही.

शंभर वर्षांसाठी या सूत्रातून कमाल दर १४.२१ टक्के येतो. खरा दर ४.७१. एवढी तफावत कशी? त्या शंभर रुपयांची फोड केली की कळते. मुद्दल १ रुपया, सरळव्याज ४.७१, व्याजावरचे व्याज १०.९९, त्याच्या वरचा थर १६.९३ आणि त्याच्याही वरचा १९.३४. तिथून थर पातळ होऊ लागतात. आपण शंभरातले फक्त १०.९९ धरले आणि बाकीचे सोडून दिले. कंजूष हिशेब खरा, पण सिद्धतेला तेवढा पुरतो.

एक टक्का दराचेच पाहा. सूत्राप्रमाणे २०,००१ वर्षांनंतर लागणारा दर एक टक्क्याच्या वर असूच शकत नाही. प्रत्यक्षात तो टप्पा ६५२ व्या वर्षीच येतो: एक टक्क्याने ठेवलेला रुपया ६५१ वर्षांनी साडेसहाशेच्या जरा वर, म्हणजे ६५१ च्या किंचित मागे असतो आणि पुढच्याच वर्षी ६५६ च्या पुढे जातो. सीमा १ आहे याचा नेमका अर्थ हाच. कितीही क्षुल्लक दर सांगा, अमुक एका वर्षानंतर तेवढ्या दरात मागणी कायम भागते. शून्य दराने मात्र ती कधीच भागत नाही. n एक लाख कोटी घेतला तर दहा अंकी कॅल्क्युलेटर नुसता १ दाखवील, पण ती पडद्याची मर्यादा. खरे मूळ १.००००००००००२७६ आहे.

हे मूळ सगळ्यात जास्त उपयोगी पडते ते अनंत श्रेढींच्या बेरजेत. फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ मध्ये दिलेल्या मूळ कसोटीत n-व्या पदाचे n-वे मूळ काढतात. त्याची सीमा १ पेक्षा कमी आली तर बेरीज सांत असते. n⁵/2ⁿ ही पदे घ्या. पहिले अर्धा, दुसरे ८, सातवे तब्बल १३१. बेरीज आटोक्यात राहील असे वाटत नाही. पण n⁵ चे n-वे मूळ म्हणजे n च्या n-व्या मुळाचा पाचवा घात, आणि त्याची सीमा १ च. उरते 1/2. म्हणून बेरीज सांत, आणि ती बरोबर १०८२ भरते. n⁵ च्या जागी n¹⁰⁰ लिहिले तर बेरीज अवाढव्य होईल, पण सांतच राहील.