सेव्ह केलेला खेळ नव्या अपडेटनंतर कसा टिकतो?

माइनक्राफ्टमध्ये महिनोन्‌महिने खपून एखादं गाव वसवलं आणि नेमकी सेव्ह होताना लाइट गेली, तर सगळं जाईल का? बहुधा नाही. या गेमच्या जावा आवृत्तीत प्रत्येक जगाच्या फोल्डरमध्ये `level.dat` नावाची फाइल असते. जगाचं नाव, खेळाचा प्रकार अशी मूळ माहिती तिच्यात राहते. सेव्ह करताना गेम या फाइलवर थेट लिहीत नाही. आधी सगळं एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो. ते पूर्ण झालं की जुन्या फाइलला `level.dat_old` हे नाव देतो आणि नवी फाइल तिच्या जागी आणतो. मधेच वीज गेली तरी दोहोंपैकी एक प्रत धड राहते.

यात एक खाच आहे. प्रोग्रॅमने ‘लिहिलं’ म्हटलं तरी मजकूर काही काळ मेमरीतच असू शकतो, आणि नाव मात्र डिस्कवर बदललेलं असतं. मग पुन्हा चालू केल्यावर योग्य नावाची, पण शून्य बाइटची फाइल हाती येते. म्हणून मजकूर डिस्कवर उतरल्याची खात्री करून मगच नाव बदलायचं, हा क्रम सेव्हची व्यवस्था लिहिणाऱ्याने मोडता कामा नये.

फाइल सुखरूप राहिली तरी पुढचा अपडेट तिला निरुपयोगी करू शकतो, आणि मला हा धोका अधिक गंभीर वाटतो. जुलै 2018 मध्ये माइनक्राफ्टची 1.13 आवृत्ती आली. तोपर्यंत प्रत्येक ठोकळ्याची ओळख आकड्यांत साठवली जाई: 35 म्हणजे लोकर आणि जोडीला 14 म्हणजे तांबडा रंग. नव्या आवृत्तीत हे आकडे गेले आणि त्याच ठोकळ्याला `minecraft:red_wool` असं नाव मिळालं. जुन्या जगांत मात्र 35 आणि 14 तसेच पडून होते. ते कोणत्या काळातले, हे गेमला कळणार कसं?

त्यासाठी फाइलमध्ये `DataVersion` नावाचा आकडा असतो. 1.12.2 साठी तो 1343 आहे, 1.13 साठी 1519. उघडताना गेम आधी हा आकडा पाहतो. तो जुना असेल, तर माहिती रूपांतराच्या टप्प्यांतून एकेक करत पुढे नेली जाते. प्रत्येक टप्प्याला फक्त आपल्या आधीची आणि नंतरची मांडणी ठाऊक असते. जुनी फाइल याच वाटेने आजपर्यंत पोहोचते, आणि नव्या अपडेटला शेवटी एक टप्पा जोडला की पुरतं.

इथे अनुभवी लोकही फसतात ते एका ठिकाणी. 2018 चा टप्पा लिहिताना त्यात ‘गेममधली सध्याची ठोकळ्यांची यादी’ वापरली, तर ती यादी पुढे बदलेल आणि तो जुना टप्पा गुपचूप चुकू लागेल. म्हणून त्या काळची नावं त्या टप्प्यातच लिहून ठेवावी लागतात आणि नंतर त्यांना हात लावायचा नसतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे फाइल विनातक्रार उघडते, पण तिचा अर्थ बदललेला असतो. सप्टेंबर 2011 मध्ये माइनक्राफ्टमध्ये भूक आली. 20 म्हणजे पोट भरलेलं. त्याआधीच्या फाइलमध्ये हा आकडाच नाही. नसलेल्या जागी शून्य धरलं असतं, तर जुना खेळाडू उघडताक्षणी उपाशी ठरून जीव गमावू लागला असता. गेम तिथे 20 धरतो. असा दोष कुठलाही एरर दाखवत नाही. त्याला पकडायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: प्रत्येक प्रसिद्ध आवृत्तीतले खरे सेव्ह जपून ठेवायचे, अपडेट बाहेर पडण्यापूर्वी ते सगळे उघडायचे आणि आतले आकडे तपासायचे.

माइनक्राफ्टचं जग इतकं पसरतं की ते एकदम बदलणं जड जातं. म्हणून 16 बाय 16 ठोकळ्यांच्या प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र `DataVersion` असतो आणि खेळाडू जवळ गेला की तेवढ्याच तुकड्याचं रूपांतर होतं. त्यामुळे एकाच जगात घराभोवतीची जमीन आजच्या मांडणीत आणि दूरचा डोंगर कित्येक वर्षांपूर्वीच्या मांडणीत असू शकतो. जुने टप्पे गेममधून काढून टाकता येत नाहीत, ते याचमुळे.

उलट दिशेला मात्र वाट नाही. जुन्या गेमला पुढे काय येणार हे ठाऊक नसतं. नव्या आवृत्तीत आलेला ठोकळा त्याच्या यादीतच नसतो, आणि तशा अवस्थेत पुन्हा सेव्ह झालं तर तो कायमचा जातो. म्हणून फाइलवरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला, तर गेमने थांबून तसं सांगायला हवं. माइनक्राफ्ट असा इशारा देतं. जुनं जग नव्या आवृत्तीत उघडतानाही ते आधी बॅकअप घेण्याचा पर्याय पुढे करतं. तो नाकारून जग उघडलं आणि नवी आवृत्ती आवडली नाही, तर रूपांतर झालेले तुकडे मागे नेता येत नाहीत.