अमेरिकन डायमंडमधून धावणारा ऑक्सिजन

कुड्यांमध्ये, नथीत आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो, तो झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचा स्फटिक असतो. नुसता झिर्कोनिया भट्टीतून काढून थंड करू लागलो की ११७० अंशांच्या आसपास त्याची अंतर्गत रचना बदलते, तो फुगतो आणि तडकतो. म्हणून त्यात बहुतेक वेळा थोडे इट्रियम ऑक्साइड मिसळतात. या मिश्रणाची रचना थंड झाल्यावरही तशीच राहते. याच मिश्रणाची बारीक पूड पातळ थापून भाजली, की सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलचा मधला पडदा तयार होतो. त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात.

या सेलमध्ये इंधन जळते, पण ज्वाला दिसत नाही. पडद्याच्या एका बाजूला हवा असते, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयन बनतो, पडद्यातून पलीकडे जातो आणि हायड्रोजनला भेटून त्याचे पाणी करतो. त्या वेळी सुटलेले इलेक्ट्रॉन पडद्यातून परत येऊ शकत नाहीत. त्यांना बाहेरच्या तारेने फिरून यावे लागते, आणि तीच आपली वीज. म्हणून पडद्याने तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: आयन जाऊ द्यायचे, इलेक्ट्रॉन अडवायचे आणि वायूचा एक बुडबुडाही पलीकडे जाऊ द्यायचा नाही.

पण घट्ट भाजलेल्या सिरॅमिकमधून ऑक्सिजन जातो कसा? याचे उत्तर इट्रियमच्या मिश्रणात आहे. झिर्कोनियमच्या अणूवर चार धन भार असतात, इट्रियमवर तीनच. दोन झिर्कोनियमच्या जागी दोन इट्रियम आले, की भाराचा हिशेब जुळवण्यासाठी ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. सेलमध्ये नेहमी वापरतात त्या ८ टक्के इट्रियाच्या मिश्रणात साधारण दर सत्तावीस जागांमागे एक जागा मोकळी असते. शेजारचा ऑक्सिजन त्या जागेत सरकतो, त्याची जागा मोकळी होते, मग तिथे त्याच्या मागचा येतो. जागा आणखी वाढवाव्यात म्हणून इट्रिया भरमसाट घातले, तर वाहकता उलट घटते. मोकळ्या जागा इट्रियमपाशीच अडकून पडतात.

आता उष्णतेकडे येऊ. एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना ऑक्सिजन आयनला दोन धातूंच्या अणूंमधल्या अरुंद फटीतून निघावे लागते. खोलीच्या तापमानाला अणूंची थरथर इतकी कमी असते, की ती उडी जवळजवळ कोणालाच जमत नाही आणि झिर्कोनिया विजेचा रोधक ठरतो. तापमान वाढते तशा जमणाऱ्या उड्या झपाट्याने, पटींनी वाढतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८९७ साली याच गुणावर दिवा बनवला. त्यातली सिरॅमिकची कांडी आधी बाहेरून तापवावी लागे, तेव्हाच तिच्यातून वीज वाहून ती उजळत असे. १९३७ साली एमिल बाउर आणि हान्स प्राइस यांनी अशाच पदार्थांचा पहिला फ्युएल सेल चालवला, तोही सुमारे १००० अंशांवर.

हे तापमान खाली का आणता येत नाही, ते एका हिशेबातून स्पष्ट होते. असा एक सेल साधारण १ व्होल्ट दाब देतो. त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून अर्धा अँपियर प्रवाह घ्यायचा आहे असे समजू. पडदा १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या दीड पानाइतका जाड असेल, तर ८०० अंशांवर त्यातून ऑक्सिजन ढकलण्यातच सुमारे ०.२ व्होल्ट खर्च होतो. तोच पडदा ५०० अंशांवर आणला, तर वाहकता तीस-चाळीस पटींनी घटते आणि त्याच प्रवाहासाठी सात-साडेसात व्होल्ट लागतील. सेलकडे तर एकच आहे.

यावर उपाय निघाला तो पडदा पातळ करण्याचा. १० मायक्रॉनच्या पडद्यात ७०० अंशांवर ०.०३ व्होल्टच्या आसपासच खर्च होतो. पण इतका पातळ थर स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. म्हणून इंधनाकडचा इलेक्ट्रोड, म्हणजे अ‍ॅनोड, जाड करून त्यालाच पाया केले.

प्रयोगशाळेतला सेल रुपयाच्या नाण्याएवढा असतो. त्याची खालची बाजू हिरवी असते. ती निकेल ऑक्साइड आणि झिर्कोनियाच्या मिश्रणाची, अर्धा मिलिमीटरभर जाडीची चकती. तिच्यावर झिर्कोनियाचा पातळ थर देऊन दोन्ही मिळून सुमारे १४०० अंशांवर भाजतात. वर हवेकडचा इलेक्ट्रोड, म्हणजे कॅथोड, काळ्या लेपाने चढवतात आणि त्याहून कमी तापमानावर भाजतात. नंतर सेल तापवून हायड्रोजन सोडला, की निकेल ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून जातो, हिरवी बाजू राखाडी होते आणि आत सच्छिद्र निकेलचे जाळे उरते. निकेलमधून इलेक्ट्रॉन जातात, झिर्कोनियामधून आयन, छिद्रांतून वायू. तिन्ही एकत्र भेटतात तिथेच वीज तयार होते. निकेलसोबत झिर्कोनिया घालण्याचे आणखी एक कारण आहे. नुसते निकेल तापल्यावर पडद्यापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते आणि पडदा फाडते. मिश्रणामुळे दोघांचे प्रसरण जवळ येते.

इथेच या सेलचा सर्वांत नाजूक भाग आहे. चालू सेलचा हायड्रोजन मधेच बंद पडला आणि हवा अ‍ॅनोडपर्यंत पोहोचली, तर निकेल पुन्हा ऑक्साइड होते आणि मूळ धातूपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त जागा मागते. अ‍ॅनोड फुगतो आणि वरचा १० मायक्रॉनचा पडदा तडकतो. मीटरवर ते लगेच दिसते. प्रवाह न घेता १.१ व्होल्टच्या आसपास असायला हवा तो आकडा ०.९ किंवा त्याहून खाली अडकतो, कारण भेगेतून हायड्रोजन आणि हवा थेट भेटत असतात. भट्टी थंड करून चकती बाहेर काढली, की राखाडी पृष्ठभागावर हिरवे डाग दिसतात.

पडदा पातळ झाला म्हणून तापमान मनासारखे उतरत नाही, कारण मग अडचण कॅथोडकडे सरकते. तिथे ऑक्सिजनच्या रेणूचे दोन अणू वेगळे करून त्यांना इलेक्ट्रॉन द्यायचे असतात, आणि या कामालाही उष्णता लागते. जुना, लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचा कॅथोड इलेक्ट्रॉन छान वाहून नेतो, पण आयन जवळजवळ नाहीच, त्यामुळे ७०० अंशांखाली तो मंदावतो. त्यात लोह आणि कोबाल्ट असलेले प्रकार दोन्ही वाहतात. पण त्यांच्यातले स्ट्रॉन्शियम भाजताना झिर्कोनियाशी रासायनिक क्रिया करते आणि दोघांमध्ये रोधक थर तयार होतो. तो टाळायला मध्ये सिरियाचा, म्हणजे सिरियम ऑक्साइडचा, पातळ पापुद्रा घालावा लागतो.

मग पडदाच सिरियाचा का करू नये? ५००-६०० अंशांवर गॅडोलिनियम मिसळलेला सिरिया झिर्कोनियापेक्षा चांगले आयन वाहतो. पण हायड्रोजनच्या बाजूला त्यातले काही सिरियम इलेक्ट्रॉन घेते आणि पडद्यातूनच थोडे इलेक्ट्रॉन पलीकडे झिरपू लागतात. वीज आतल्या आत मुरते, दाब घटतो.

दुसरीकडे, तापमान चढेच ठेवले तर सेल जोडणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांमधून क्रोमियमची वाफ निघून कॅथोडवर बसते, आणि निकेलचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यामुळे वीज तयार होण्याच्या जागा घटतात. आज अ‍ॅनोडवर उभे असलेले बहुतेक सेल ७०० ते ८०० अंशांच्या दरम्यान चालवतात. त्याखाली कॅथोड थकतो, त्यावर धातू झिजतो. आणि हा पट्टा गाठायलाही घाई चालत नाही. मिनिटाला २ अंश या गतीने ८०० अंशांपर्यंत पोहोचायला साडेसहा तास लागतात, कारण वेगवेगळ्या प्रसरणाचे तीन थर एकमेकांना न तोडता एकत्र वाढायला तेवढा वेळ घेतात.