एरंडेलानंतरचे दोन दिवस

माझी मावशी गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी सहा वाजता एरंडेल घ्यायची. कोमट दुधात नाहीतर सुंठीच्या काढ्यात कालवून, नाक दाबून एका घोटात. तिच्या आईनेही घरातल्या सगळ्या मुलांना असंच पाजलं होतं. पुढे रविवारच्या जोडीला बुधवार आला, आणि नंतर तर दिवसाआड घेतल्याशिवाय तिला चैन पडेना. तिचं म्हणणं साधं होतं: "घेतलं नाही की दोन दिवस पोट साफ होतच नाही गं."

ती खोटं बोलत नव्हती, दोन दिवस तिला खरोखरच शौचाला होत नसे. पण त्याचं कारण ती समजत होती ते नव्हतं.

एरंडेलाने आतडी बुळबुळीत होतात आणि अडकलेला मळ घसरून खाली येतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. हे तेल तसं काम करत नाही. ते लहान आतड्यात पोचलं की चरबी पचवणारे पाचकरस इतर कुठल्याही तेलासारखंच ते फोडतात, आणि त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटं होतं. एरंडेलात सुमारे नव्वद टक्के हेच आम्ल असतं. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलात ते नसतं, म्हणून ती तेलं जुलाब करत नाहीत. थोडक्यात, बाटलीतलं तेल स्वतः फारसं काही करत नाही. खरं औषध पोटात गेल्यावर तयार होतं.

हे आम्ल आतड्यावर नेमकं कुठे काम करतं, हे 2012 साली जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आपल्या आतड्याच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचा थर असतो. त्याच्या पेशींवर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या, शरीरातच तयार होणाऱ्या रसायनांचे संदेश झेलणारे ग्राही असतात. त्यातला ईपी-3 नावाचा ग्राही रिसिनोलेइक आम्लाने चेततो. कुलपात दुसऱ्याची किल्ली बसावी तसंच हे. ज्या उंदरांत हा ग्राहीच नव्हता, त्यांना एरंडेल पाजूनही जुलाब झाले नाहीत. शिवाय या आम्लामुळे आतड्यातलं पाणी आणि क्षार अंगात नीट शोषले जात नाहीत, ते आतच साचतात. म्हणून आधी बांधलेला मळ पडतो आणि शेवटी नुसतं पाणी.

पोटात येणाऱ्या कळांचं मूळही इथेच आहे. एरवी आतड्याचा एक भाग आवळतो तेव्हा त्याच्या पुढचा सैलावतो, आणि अन्न हळूहळू पुढे सरकतं. इथे स्नायूंना एकदम आणि जोरात आवळण्याची आज्ञा मिळते, त्यात आतडं पाण्याने ताणलेलं असतं. हा ताण आणि आवळणं म्हणजेच मुरडा. "कळ आली म्हणजे घाण सुटतेय" असं आजी म्हणायची. पण घाण नसली तरी कळ येतेच, कारण ती स्नायूंची असते. मात्रा वाढवली की घाण नव्हे, कळा वाढतात.

हाच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतो. त्याच प्रयोगांत एरंडेलाच्या आम्लाने उंदरांचं गर्भाशयही आकुंचन पावलं. गरोदर बाईने एरंडेल घेऊ नये, हा सल्ला त्यामुळे नुसता भीतीपोटी दिलेला नाही.

आता मावशीचा आठवडा पाहू. रविवारी सहाला तिने तीस मिलिलिटर तेल घेतलं. प्रौढांसाठी एका वेळची मात्रा पंधरा ते साठ मिलिलिटर सांगतात, म्हणजे तिची काही अतोनात नव्हती. परिणाम सहसा दोन ते सहा तासांत दिसतो, म्हणूनच ते रात्री झोपताना घेऊ नये. तिला नऊच्या सुमारास कळ आली, आणि दुपारपर्यंत चारदा जाऊन आल्यावर ती गळून गेली. "आता कसं हलकं वाटतंय!" सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही, आणि बुधवारी पुन्हा बाटली.

एरवी शौचाला होतं तेव्हा मोठ्या आतड्याचा फक्त शेवटचा भाग रिकामा होतो, मागचा भरलेलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुढे येतो. एरंडेलाने पुढचं-मागचं सगळंच निघून जातं. खाल्लेलं अन्न मळ होऊन शेवटपर्यंत पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. मग सोमवारी-मंगळवारी शौचाला होणार तरी कशाचं? मावशीला ज्याचा धसका होता ते बद्धकोष्ठ नव्हतंच, आतडं भरण्याचा तो काळ होता. त्यात रोज एकदा झालंच पाहिजे असा तिचा नियम. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसात असू शकतं. खडे होत नसतील, कुंथावं लागत नसेल, तर एखादा दिवस गेल्याने काही बिघडत नाही.

चक्राचा दुसरा फेरा लक्षात येत नाही. प्रत्येक जुलाबात पाण्याबरोबर पोटॅशियम जातं. मावशी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही घेत होती, आणि तिच्यानेही पोटॅशियम कमी होतं. गेल्या वर्षी तिच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, जिना चढताना पाय गळायचे. तपासणीत पोटॅशियम 3.1 निघालं, किमान 3.5 असावं लागतं. आणि पोटॅशियम कमी झालं की आतड्याचे स्नायूही मंदावतात. म्हणजे जुलाबाच्या औषधानेच बद्धकोष्ठ वाढत होतं. हृदयाच्या ठोक्यांतही यामुळे बिघाड होऊ शकतो. डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तर फारच जपावं.

सततच्या एरंडेलाने आतडं कायमचं लुळं पडतं असंही सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे आजवर घेतलं म्हणून कुणी हाय खाऊ नये. खरी हानी पाण्याची, क्षारांची आणि अन्नातलं सत्त्व अंगी न लागण्याची आहे.

कधीमधी एखाद्या प्रौढाने एकदा घेतलं, तर बहुधा त्यातून काही होत नाही. पण पोटात न समजणारं दुखणं, उलट्या, ताप किंवा पोट फुगून वायूही न सुटणं, असं काही असेल तर एरंडेल अजिबात नको. अडथळा असलेलं किंवा अपेंडिक्स सुजलेलं आतडं जोरात आवळलं की फुटू शकतं. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली असेल, तर आधी डॉक्टर. आणि तान्ह्या बाळाला कुणी ते पाजू नये: रडताना घशातलं तेल फुप्फुसात उतरतं, खोकलाही येत नाही, आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

मावशीचं एरंडेल डॉक्टरांनी बंद केलं. रक्तदाबाची गोळी बदलली, पोटॅशियम भरून काढलं. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यायला सांगितला, आणि सकाळी चहा-नाश्त्यानंतर दहा मिनिटं, पायांखाली पाट ठेवून, शौचाला बसायला. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. पहिल्या आठवड्यात तिसरा दिवस उजाडला तरी काही झालं नाही, तेव्हा तिने मला फोन केला. "घेऊ का गं थोडं? एकच चमचा?"

"थांब मावशी, उद्यापर्यंत."

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजला.