सेवापुस्तकातली ३ वर्षं

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं आणि मला बोलायला सांगितलं. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून शेवटचा दिवस. सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात, म्हणून चांगलंच बोलतील असं गृहीत धरतात. मी मात्र एका भांडणाबद्दल बोललो.

२००३ साल. मी आस्थापनेच्या टेबलावर होतो. आमचे एक शिपाई, सगळ्यांचे मामा, निवृत्तीला आले होते. पेन्शनचे कागद निवृत्तीच्या २ वर्षं आधीपासून जमवायचे असतात. मी उघडले ते शेवटच्या महिन्यात. सेवापुस्तकात सेवा पडताळणीची नोंद दर वर्षी व्हायला हवी. मामांच्या पुस्तकात दुसऱ्या तालुक्यातल्या ३ वर्षांची नोंदच नव्हती. मी म्हणालो, "तिकडून लिहून आणा, मगच बघू." मामा भडकले, "३१ वर्षं चाकरी केली, आता चकरा मीच मारायच्या का?" मी आवाज चढवला. सगळं ऑफिस ऐकत होतं.

तेव्हा पूर्ण पेन्शनला ३३ वर्षं सेवा लागे. सरासरी पगार ४,००० धरला, तर ३१ वर्षांची पेन्शन महिना १,८७९ रुपये होते आणि २८ वर्षांची १,६९७. म्हणजे माझ्या कंटाळ्याची किंमत महिन्याला १८२ रुपये, आणि ती मामा मरेपर्यंत भरणार होते.

संध्याकाळी अभिलेखपाल आण्णांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पुस्तकात नोंद नसली म्हणून पगार काढला नाही असं होत नाही. देयकं शोध." शनिवारी स्वतः माझ्याबरोबर एस.टी.त बसले. त्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात आम्ही धुळीतले गठ्ठे सोडत राहिलो. ३६ महिन्यांच्या वेतन देयकांपैकी ३४ सापडली, प्रत्येकात मामांचं नाव. उरलेल्या दोन महिन्यांची देयकं उंदरांनी कुरतडली होती. तिथे हजेरीपट कामी आला. साक्षांकित प्रती आणल्या, साहेबांच्या सहीनं नोंद झाली, प्रस्ताव गेला.

मामांची माफी मागायला गेलो तर त्यांनी चहा पुढे केला आणि मुलाच्या नोकरीच्या अर्जाबद्दल विचारू लागले. भांडणाचा विषयच काढला नाही. मला ते फार लागलं. त्यानंतर टेबलावरच्या माणसाला मी आधी खुर्ची देऊ लागलो आणि मग कागद मागू लागलो. ही सवय मला आण्णांनी आणि मामांनी लावली, कोणत्याही परिपत्रकानं नाही.

शेवटी नव्या लिपिकांना मी एवढंच सांगितलं: सेवापुस्तक दर वर्षी दाखवून तुमची सही घ्यायची असते. नुसती सही करू नका, पानं उलटा. बदली, रजा, वेतनवाढ, पडताळणी, एकेक बघा.

चहापानाच्या वेळी दोन मुली आस्थापनेच्या टेबलाशी उभ्या होत्या. कपाटाची किल्ली अजून माझ्याच खिशात होती, ती काढून दिली.